कंपनीचा नंबर, वडिलांनी दिलेला नंबर आणि ठाण्याची नोकरी

वाचकाचं पत्र: मी 36 वर्षांचा. सातपूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत नऊ वर्षं विक्री विभागात आहे. आता ठाण्यात नोकरी मिळाली आहे, एक तारखेला रुजू व्हायचंय. माझ्याकडे दोन नंबर आहेत. एक कॉलेजात असताना वडिलांनी घेऊन दिलेला, तो आता फक्त नातेवाइकांकडे आहे आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅपही नाही. दुसरा कंपनीने दिलेला. बँक, यूपीआय, व्हॉट्सअ‍ॅप, सगळं त्याच्यावर आहे आणि सिन्नर-अंबडचे सगळे ग्राहक मला त्याच नंबरवर ओळखतात. मॅनेजर म्हणतात, बघू, नंबर तुझ्याकडे ठेवता येईल. बायको म्हणते, मुंबईचा नवीन नंबर घे आणि हे दोन्ही बंद कर. मला वाटतं दोन्ही एकत्र करून एकच ठेवावा, दोन सिमचा कंटाळा आलाय. ती आणि आईवडील सध्या नाशिकलाच राहणार आहेत. काय करू?

उत्तर:

नमस्कार. दोन मोबाइल नंबर एकमेकांत विलीन करायची सोय कुठलीही टेलिफोन कंपनी देत नाही. पीएफची दोन खाती एक होतात, नंबर होत नाहीत. पोर्ट केल्याने फक्त सेवा देणारी कंपनी बदलते, नंबर आहे तोच राहतो. त्यामुळे यातला एक नंबर टिकणार आणि दुसऱ्यावर जे काही साठलंय ते तुम्हाला स्वतःच्या हाताने उचलून पहिल्यावर न्यावं लागणार. हे काम वेळ खातं. तुम्ही अजून नोटीस पिरियडमध्ये आहात आणि दोन्ही सिम तुमच्याच फोनमध्ये आहेत, म्हणून ते आत्ता करण्यासारखं आहे.

पण कुठला ठेवायचा हे ठरवण्याआधी एक वेगळाच प्रश्न विचारतो. या दोनपैकी तुमचा नंबर कुठला? पत्र वाचून मला शंका येते की कागदोपत्री एकही तुमचा नाही.

कंपनीच्या नंबरचं सरळ आहे. तो कंपनीच्या नावावरचा पोस्टपेड आहे, बिल कंपनी भरते, तुम्ही फक्त वापरता. नऊ वर्षं वापरला म्हणून त्यावर हक्क तयार होत नाही. कंपनीने उद्या सकाळी टेलिफोन कंपनीला सांगितलं, तर त्याच नंबरचं दुसरं सिम निघेल आणि तुमच्या खिशातलं सिम मुकं होईल.

दुसरा नंबर 'वडिलांनी घेऊन दिलेला' आहे. त्या काळात घरातल्या मुलांची सिम बहुतेक वडिलांच्या रेशनकार्डाच्या किंवा वीजबिलाच्या झेरॉक्सवर घेतली जायची. तशीच घेतली असेल, तर तो नंबर आजही वडिलांच्या नावावर आहे. हे तपासायला पाच मिनिटं लागतात. sancharsaathi.gov.in या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते पाहण्याची सोय आहे. तिथे हा जुना नंबर टाका, आलेला ओटीपी भरा, म्हणजे तो नंबर ज्याच्या नावावर आहे त्या माणसाचे बाकीचे नंबर दिसतील. यादीत वडील स्वतः रोज वापरतात तो नंबर दिसला, तर उत्तर मिळालं. टेलिफोन कंपनीच्या अ‍ॅपमध्ये प्रोफाइलवर कुणाचं नाव आहे तेही बघा. (एका माणसाच्या नावावर आपल्याकडे जास्तीत जास्त नऊ नंबर चालतात. यादीत तुम्हा दोघांनाही न ओळखता येणारा नंबर निघाला, तर तिथल्या तिथे तक्रार नोंदवा.)

तो वडिलांच्या नावावर निघाला, तर सगळ्यात आधी स्वतःच्या नावावर करून घ्या, आणि ठाण्याला जायच्या आधी करा. रक्ताच्या नात्यात नंबर हस्तांतरित करता येतो. त्यासाठी तुम्ही आणि वडील दोघांनी आपापलं आधार घेऊन टेलिफोन कंपनीच्या गॅलरीत जायचं. कोपऱ्यावरच्या रिचार्जच्या दुकानात हे काम होत नाही. वडिलांची संमती घेतली जाते, तुमचं नव्याने केवायसी होतं, तिथेच फोटो काढतात. वडील नाशिकलाच आहेत म्हणून आज हे एका सकाळचं काम आहे. उद्या तुम्ही ठाण्यात असताना सिम खराब झालं, तर डुप्लिकेट मिळवायला त्यांना गाठावं लागेल, आणि त्यांचा अंगठा लागला तर त्यांना तिकडे आणावं लागेल. ज्या वाचकांचे वडील आता नाहीत आणि नंबर अजून त्यांच्याच नावावर चालू आहे, त्यांनीही हे लांबणीवर टाकू नये. वारसांनाही नंबर नावावर करून घेता येतो, मात्र मृत्यूचा दाखला लागतो आणि बाकीच्या वारसांची ना हरकत मागितली जाऊ शकते.

आता माझं मत सांगतो. टिकवायचा नंबर हाच, जुना. ग्राहक कुठल्या नंबरवर ओळखतात यावरून हे ठरवू नका. प्रत्येक नंबर दोन कामं करत असतो. एक काम म्हणजे माणसांचे फोन घेणं. दुसरं म्हणजे ओटीपी घेणं, म्हणजेच तुमच्या बँकेचं, आधारचं, पीएफचं आणि ईमेलचं दार उघडणं. नोकरी बदलताना सगळे पहिल्या कामाची काळजी करतात, कारण त्यात माणसं असतात. नुकसान होतं ते दुसऱ्या कामात. माणसं तुम्हाला कुठूनही शोधून काढतात, ओटीपी मात्र सिम ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे जातो.

परत केलेल्या कंपनीच्या नंबरात एक वेगळा धोका आहे, तो नीट समजून घ्या. साधा प्रीपेड नंबर बंद पडला, तर तो निदान 90 दिवस दुसऱ्या कुणाला दिला जात नाही. शिवाय बंद झालेल्या नंबरांची यादी निघते आणि ती बघून बँका व यूपीआय अ‍ॅप आपल्या नोंदी साफ करतात. तुमचा नंबर मात्र बंद होणारच नाही. तुम्ही शुक्रवारी सिम एचआरला द्याल आणि सोमवारी तेच सिम तुमच्या जागी आलेल्या मुलाच्या फोनमध्ये असेल. नंबर एक दिवसही बंद नसल्याने तो कुठल्याच यादीत येणार नाही, आणि तो आता दुसऱ्याकडे आहे हे बँकेला कळायला काही मार्गच नसेल. गेल्या वर्षी एका बाईंचं असंच पत्र आलं होतं. नोकरी सोडून काही महिने झाल्यावर त्यांच्या जागी आलेल्या मुलीचा फोन आला, "मॅडम, तुमच्या मुदत ठेवीचा मेसेज मला आलाय." मुलगी सरळ होती म्हणून तिने फोन केला.

तेव्हा कंपनी नंबर तुम्हाला देणार की नाही, याचा निकाल लागायची वाट पाहू नका. दोन्ही शक्यतांमध्ये ओटीपीचं सगळं काम कंपनीच्या नंबरावरून हलवायचंच आहे. नंबर मिळाला तर घाई कमी होईल, एवढाच फरक.

काय काय हलवायचं, हे आठवून लिहू नका. निम्मं सुटतं. कंपनीच्या सिमवरचा मेसेजचा इनबॉक्स उघडा आणि 'OTP' हा शब्द शोधा. मग 'credited', 'due' आणि 'policy' शोधा. मागे जाताना पूर्ण एक वर्ष मागे जा, कारण गाडीचा विमा, मेडिक्लेम, आयुर्विम्याचा हप्ता वर्षातून एकदाच तोंड दाखवतात. अलीकडे कंपन्यांच्या मेसेजमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक अक्षर असतं. त्यातली P ची जाहिरात सोडून द्या. S, T आणि G, म्हणजे सेवा, व्यवहार आणि सरकारी, यांचे मेसेज एक-एक करून बघा आणि पाठवणाऱ्याचं नाव कागदावर उतरवा. या यादीत गॅसची एजन्सी निघेल, फास्टॅग निघेल, मुलांच्या शाळेचं अ‍ॅप निघेल, महावितरण निघेल. नऊ वर्षांचा नंबर आहे, कागदाची एक बाजू भरली तर नवल नाही.

आता क्रम. हा क्रम मी मुद्दाम असा लावलाय, कारण पुढच्या प्रत्येक कामाला आधीच्या कामाचा आधार लागतो.

पहिल्या आठवड्यात जुना नंबर नावावर करणं आणि आधार. नंबर नावावर करताना नवीन सिम मिळालं, तर सिम बदलल्यावर पहिले 24 तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत. फसवणूक टाळण्यासाठी केलेली ही व्यवस्था आहे, सिममध्ये दोष नसतो. त्या दिवशी बँकेची कामं ठेवू नका, म्हणजे झालं. मग आधारच्या संकेतस्थळावर मोबाइल पडताळण्याची जी सोय आहे, तिथे तुमच्या आधारला सध्या कुठला नंबर जोडलाय ते पाहा. कदाचित जुनाच असेल, मग सुटलात. कंपनीचा असेल, तर आधार केंद्रावर किंवा ती सोय असलेल्या पोस्टात जाऊन बदलून घ्या. त्यासाठी कागदपत्रं लागत नाहीत, ठरलेलं शुल्क आणि तुमचा अंगठा लागतो. बदल व्हायला काही दिवस जाऊ शकतात, म्हणून हे काम सुरुवातीलाच. आधारला जोडलेला नंबर पुढे पीएफला लागतो, इन्कम टॅक्सला लागतो, डिजिलॉकरला लागतो.

त्याच आठवड्यात ईमेल. तुमच्या खासगी ईमेलचा पासवर्ड विसरल्यावर कोड कुठल्या नंबरावर जातो ते बघा. याकडे फार लोक दुर्लक्ष करतात, आणि एकदा ईमेल हातातून गेला की बाकीच्या बऱ्याच खात्यांचे पासवर्ड त्यावरूनच बदलता येतात.

दुसरा आठवडा बँकांचा. नेट बँकिंगमधून नंबर बदलताना बहुतेक ठिकाणी आधी नोंदलेल्या आणि आता द्यायच्या, दोन्ही नंबरांवर ओटीपी जातो. दोन्ही सिम तुमच्याकडे असण्याचा फायदा इथे आहे. कंपनीचं सिम परत केल्यानंतर हेच काम करायचं म्हटलं, तर शाखेत अर्ज, ओळखपत्र आणि तुमची मूळ शाखा नाशिकला, असा फेरा सुरू होतो. दोन-तीन खाती असतील, तर एका दिवशी एकच खातं हलवा, म्हणजे कुठे काही अडलं तरी दुसऱ्या खात्यातून घर चालेल. वडिलांनी दिलेल्या नंबरावर व्यवहाराचा मेसेज येऊ लागला की बदल झाला असं समजा. खात्री करायला स्वतःलाच दहा रुपये पाठवून बघा.

बँकेने नंबर बदलला की यूपीआय आपोआप बदलत नाही. यूपीआय हे सिमला बांधलेलं असतं. अ‍ॅपमध्ये वडिलांनी दिलेल्या नंबरने पुन्हा नोंदणी करावी लागते, त्या वेळी फोन त्या सिमवरून स्वतःच एक मेसेज पाठवतो. म्हणून त्या नंबरावरून एसएमएस जाईल एवढं रिचार्ज असायला हवं. नोंदणी सारखी फसत असेल, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं, किंवा दोन सिमच्या फोनमध्ये मेसेज भलत्याच सिमवरून गेलेला असतो. नव्या नोंदणीनंतर पहिले 24 तास पैसे पाठवण्यावर 5,000 रुपयांची मर्यादा लागते. ठाण्यातल्या घराचं डिपॉझिट भरायच्या दिवशी हे काम काढू नका.

तिसऱ्या आठवड्यात पीएफ, इन्कम टॅक्स, डीमॅट, विमा आणि कागदावरचं उरलेलं सगळं. पीएफचा मोबाइल सदस्य पोर्टलवर लॉग-इन करून Manage मधल्या Contact Details मध्ये बदलतो. तिथे आत शिरायलाच ओटीपी लागू शकतो आणि तो जुन्या नोंदीतल्या नंबरावर जातो. म्हणून कंपनीचं सिम हातात असतानाच हे उरका. नव्या कंपनीत पीएफ सुरू होईल आणि जुना तिकडे वळवायचा असेल, तेव्हा हे केल्याचं बरं वाटेल.

व्हॉट्सअ‍ॅप सगळ्यात शेवटी, शेवटच्या आठवड्यात. सेटिंग्जमध्ये Account खाली Change number असतं. आधी कंपनीचा नंबर टाकायचा, मग वडिलांनी दिलेला. तुमचे ग्रुप, प्रोफाइल फोटो आणि त्याच फोनमधले चॅट जसेच्या तसे त्या नंबरावर येतात, आणि कुणाला कळवायचं हेही विचारलं जातं. पंचवटी एक्स्प्रेसच्या पासवाल्यांचा ग्रुप असो की शाळेचा, कुठेही पुन्हा सामील व्हावं लागत नाही. तुमच्या जुन्या नंबरावर व्हॉट्सअ‍ॅप नाही, त्यामुळे हे सरळ पार पडेल. ज्यांच्या दोन्ही नंबरांवर आधीपासून खाती आहेत, त्यांनी हा मार्ग घेण्याआधी थांबावं, कारण एका खात्याची जागा दुसरं घेतं. त्यांच्यासाठी एकाच अ‍ॅपमध्ये दोन खाती ठेवण्याची सोय जास्त बरी. मात्र ग्राहकांचे ग्रुप, कोटेशनचे चॅट हे कंपनीच्या कामाचे आहेत. नंबर बदलण्याआधी त्यातून बाहेर पडा आणि जो तुमचं काम हाती घेणार आहे, त्याला ते ग्रुप सोपवा.

एवढं झालं की कंपनीच्या नंबराचा निर्णय बराच हलका होतो. त्यावर तुमचं असं फक्त एकच उरतं, ते म्हणजे ओळखीचे लोक.

मॅनेजर "बघू" म्हणाले आहेत. तोंडी शब्दावर नंबर मिळत नाही. कंपनीच्या लेटरहेडवर, अधिकृत सही-शिक्क्याचं पत्र लागतं की हा नंबर अमुक व्यक्तीच्या नावावर करायला आमची हरकत नाही. थकलेलं बिल आधी भरलेलं हवं. ते पत्र घेऊन गॅलरीत जायचं, तुमचं केवायसी होऊन नंबर तुमच्या नावावर येतो, मग तो प्रीपेड करा. दुसऱ्या टेलिफोन कंपनीत न्यायचा असेल तर त्यानंतर. आधी पोर्ट आणि मग नाव, असा उलटा क्रम लावू नका. नाव बदलण्याची प्रक्रिया चालू असताना पोर्टची विनंती नाकारली जाते, आणि नुकतंच सिम बदललं असेल तर सात दिवस पोर्टचा कोड मिळत नाही. नंतर कधी पोर्ट करावंसं वाटलं, तर त्याच नंबरावरून हा मेसेज करायचा:

```
PORT 98XXXXXXXX
```

तो 1900 ला पाठवायचा. (X च्या जागी तुमच्या नंबराचे आकडे.) आठ अक्षर-अंकांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. नवीन टेलिफोन कंपनीकडे तो आणि केवायसी दिलं की एकाच सर्कलमध्ये तीन कामकाजी दिवसांत, दुसऱ्या सर्कलमध्ये पाच कामकाजी दिवसांत नंबर हलतो.

पण हे पत्र मागावं का? इथे मी थोडा तुमच्याशी वाद घालणार आहे. सिन्नर-अंबडचे ग्राहक तुम्हाला या नंबरावर ओळखतात हे खरं, पण ते फोन करतात ते कंपनीच्या मालासाठी. नवीन नोकरी त्याच मालाची असेल, तर हा नंबर मागणं म्हणजे कंपनीचे ग्राहक सोबत नेणं, असंच एचआरला दिसेल आणि त्यात त्यांची फारशी चूक नाही. नेमणूकपत्रातल्या अटीही एकदा वाचून बघा. अशा वेळी नंबराचा हट्ट धरू नका. निघताना संबंध सांभाळणं जास्त मोलाचं आहे, अनुभवाचं पत्र आणि शेवटचा हिशेब अजून त्यांच्याकडेच आहे. नवीन काम वेगळ्याच क्षेत्रातलं असेल आणि कंपनी खुशीने देत असेल, तर घ्या, पण कायमचा म्हणून नको. एक वर्षासाठी घ्या.

एक वर्ष अशासाठी की वर्षातून एकदाच येणारे मेसेज त्यात सगळे येऊन जातात. इनबॉक्स धुंडाळूनही जे निसटलं असेल, ते तेव्हा सापडतं. या काळात त्यावर डेटाचं महागडं पॅक टाकू नका. फक्त कॉल आणि एसएमएसची वेगळी पॅक आता सर्व कंपन्यांना द्यावीच लागतात, 365 दिवसांपर्यंतची मुदतही मिळते. अ‍ॅपमध्ये ती शेवटी कुठेतरी दडलेली असतात, शोधावी लागतात. काही लोक सांगतील की 20 रुपये शिल्लक ठेवली की नंबर जिवंत राहतो. ते अर्धंच खरं आहे. 90 दिवस काहीच वापर झाला नाही, तर प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो, आणि शिल्लक 20 रुपये असेल तर ते कापून आणखी 30 दिवस मिळतात. यात नंबर तुमच्या नावावर राहतो, पण पॅक संपल्यावर फोन आणि ओटीपी येत राहतील याचा भरवसा नसतो. म्हणजे ज्यासाठी तो ठेवला, तेच काम होत नाही.

कॉल फॉरवर्ड करून सिम कपाटात ठेवायचा विचार मनात असेल, तर लक्षात ठेवा की फॉरवर्ड फक्त कॉल होतात, एसएमएस होत नाहीत. आणि फॉरवर्ड चालू राहायलाही त्या नंबराचं पॅक चालू असावं लागतं. नुसत्या ओळखीच्या लोकांसाठी दोन-तीन महिने हे करणं ठीक. कुणी फोन करून * ने सुरू होणारा एखादा कोड डायल करायला सांगितला, तर करू नका. त्याने तुमचे कॉल दुसऱ्याच्या नंबरावर वळवता येतात आणि फोनवर सांगितला जाणारा ओटीपी तिकडे जातो.

आता तुमच्या पत्नीचं म्हणणं. मुंबईचा नवीन नंबर घेण्यामागे जुन्या काळचं एक कारण होतं. नाशिक महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतं, तर कल्याण, ठाणे, नवी मुंबई हे मुंबई सर्कलमध्ये. घाट उतरून कल्याणकडे आलं की सर्कल बदलायचं आणि येणाऱ्या फोनलाही रोमिंगचे पैसे पडायचे. म्हणून लोक तिकडचं सिम घ्यायचे. आजच्या पॅकमध्ये देशात रोमिंगचे वेगळे पैसे लागत नाहीत. आणि सर्कल बदलायचंच झालं, तर 3 जुलै 2015 पासून देशात कुठेही नंबर तोच ठेवून पोर्ट करता येतं. तेव्हा तिसरा नंबर घेण्याने तुमची यादी पुन्हा एकदा हलवावी लागेल, मिळणार काहीच नाही. एकच बघा. ठाण्यात जिथे राहणार आणि जिथे काम करणार, त्या दोन्ही जागी तुमच्या जुन्या नंबराच्या कंपनीचं नेटवर्क घराच्या आत येतं का. घर बघायला जाल तेव्हा दार लावून, आतल्या खोलीतून फोन लावून बघा. येत नसेल, तर टेलिफोन कंपनी बदला, नंबर तोच ठेवा.

त्यांच्या म्हणण्यातला एक भाग मात्र मला पटतो. कामाची माणसं आणि घर एकाच नंबरावर असू नयेत, असं त्यांना वाटत असावं. दोन सिमचा तुम्हाला आलेला कंटाळा मला समजतो, पण तो बहुधा दोन नंबरांचा नसून दोन्हींवर सगळंच येण्याचा आहे. ठाण्याच्या कंपनीने नंबर दिला, तर जरूर घ्या, आणि पहिल्या दिवसापासून त्यावर फक्त काम ठेवा. एकही बँक नाही, एकही ओटीपी नाही, नातेवाईकही नाहीत. कंपनीने नंबर दिला नाही आणि ग्राहकांचे फोन रात्री दहालाही येणारं काम असेल, तर एक स्वस्त दुसरं सिम स्वतःच्या नावावर घेऊन तेच व्हिजिटिंग कार्डावर छापा. जुना नंबर मॉलमध्ये, पार्किंगच्या चिठ्ठीवर, सोसायटीच्या गेटवरच्या वहीत लिहायचाच नाही. घरून शिकवण्या घेणाऱ्या, टेलरिंग किंवा डबे करणाऱ्या बायकांनाही मी हेच सांगतो. व्यवसाय चालू करतानाच नंबर वेगळा घेतला, तर नंतर हलवाहलव करावी लागत नाही.

ज्यांची नोकरी बदललेली नाही, फक्त गाव बदललंय, आणि दोन्ही नंबर स्वतःच्याच नावावर आहेत, त्यांचं काम यापेक्षा सोपं आहे. आधारला जोडलेला नंबर ठेवा, दुसऱ्याचा इनबॉक्स वर्षभर बघा, मग सोडा.

शेवटच्या दिवशी सिम परत करायचं ठरलं, तर त्याआधी फोनमधून त्या नंबराचे मेसेज आणि संपर्क तुमच्या फोनच्या मेमरीत आले आहेत का पाहा, काही जुन्या सिममध्ये संपर्क सिमवरच साठवलेले असतात. ओळखीच्या लोकांना आणि शाळेला टिकवलेला नंबर एका मेसेजमध्ये कळवा. ग्राहकांना मात्र कळवा की यापुढे अमुक व्यक्ती याच नंबरावर बोलेल. मग सिम एचआरच्या हातात द्या आणि त्याची पोच घ्या: नंबर, तारीख, घेणाऱ्याचं नाव आणि सही. ईमेलवर मिळाली तरी चालेल, पण ती तुमच्या खासगी पत्त्यावर घ्या, कारण कंपनीचा ईमेल त्याच संध्याकाळी बंद होईल. पुढे त्या नंबरावरून काही गैरप्रकार झाला, तर त्या तारखेपासून तो तुमच्याकडे नव्हता, हे दाखवायला तेवढा एक कागद पुरतो.